चाळीस पॉइंट घेता, तेवीस होतात. मग चाळीस आले कुठून?

प्रश्न: आमची पाच जणांची टीम आहे, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. दर प्लॅनिंगला आम्ही ४० च्या आसपास पॉइंट घेतो आणि निम्म्याहून थोडे जास्त पूर्ण होतात. मागच्या सहा स्प्रिंटचे आकडे २१, २७, २४, १८, २६ आणि २२. रजा-सुट्ट्या वजा जाता या काळात टीमचे दर स्प्रिंटला सरासरी ४६ मनुष्यदिवस भरले. मी एक्सेलमध्ये तास मांडते तेव्हा ४० बसतात असंच दिसतं. टेस्टिंग शेवटच्या दोन दिवसांत कोंबलं जातं आणि मॅनेजर म्हणतात, ‘कमिट तर तुम्हीच केलं होतं.’ पुढच्या स्प्रिंटमध्ये एक सुट्टी आहे, एक डेव्हलपर तीन दिवस रजेवर आहे, आणि ग्राहकांना इन्व्हॉइस स्वतः डाउनलोड करता येण्याचं काम घ्यायचं आहे. किती घेऊ?
– एक टीम लीड

उत्तर: २१ पॉइंटच्या आसपास घ्या आणि त्यातल्या १३ चाच शब्द द्या. हे दोन आकडे वेगळे का आणि आले कुठून, हे तुम्हाला मॅनेजरसमोर मांडावं लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचं एक्सेल. ते मी पाहिलेलं नाही, पण आत काय असेल याचा अंदाज बांधता येतो. पाच माणसं, दहा दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे ४०० तास. एका पॉइंटला दहा तास धरले की बरोबर ४० येतात. गणितात चूक नाही, चूक त्या दहा तासांत आहे. तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून पाहा. सहा स्प्रिंटची सरासरी २३ पॉइंट, आणि त्यासाठी ४६ मनुष्यदिवस लागले. म्हणजे एका पॉइंटमागे दोन दिवस, हजेरीचे सोळा तास. दहा आणि सोळा यांच्यातले सहा तास कोणी बसून काढलेले नाहीत. ते मीटिंगमध्ये, एकमेकांच्या कोड रिव्ह्यूमध्ये, लाइव्हवरच्या बगमध्ये, ‘पाच मिनिटं बोलायचं होतं’ यात आणि टेस्टर मोकळा होण्याची वाट बघण्यात गेले. तुमच्या एक्सेलमध्ये यांपैकी कशालाच रकाना नाही.

असं लक्षात आलं की लोक लगेच रकाने वाढवायला बसतात: प्लॅनिंगचे तीन तास, रोजच्या स्टँडअपचे मिळून अडीच, रिव्ह्यू आणि रेट्रोचा एकेक, रिफाइनमेंटचे दोन. हे वजा करणं योग्यच आहे, पण तासांचाच हिशोब करत असाल तर. मागच्या पॉइंटच्या सरासरीवरून अंदाज बांधणार असाल, तर हेच तास पुन्हा कापू नका. २३ हा आकडा मीटिंग, सपोर्ट, खोळंबा सगळं भोगून आलेला आहे. त्यातून मीटिंगचे तास परत वजा केले की तोच खर्च दोनदा लागतो आणि आकडा विनाकारण जवळपास तीन पॉइंटनी खाली येतो. सरासरीवरून जाताना फक्त नेहमीपेक्षा वेगळं काय आहे तेवढंच बघायचं.

या वेळी वेगळं काय आहे? पाच माणसांचे दहा दिवस म्हणजे ५०. सुट्टीचे पाच गेले, रजेचे तीन गेले, उरले ४२. दोन दिवसांना एक पॉइंट या तुमच्याच दराने २१ होतात. तुमचा सगळ्यात वाईट स्प्रिंट १८ चा आणि सगळ्यात चांगला २७ चा होता. तेही ४२ दिवसांच्या मापाने खाली आणले तर साधारण १६ ते २५ हा पट्टा मिळतो. २१ त्याच्या मध्यावर बसतो. पट्टा लिहून ठेवा, नुसता मधला आकडा नको. मॅनेजरशी बोलताना त्याचाच उपयोग होणार आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ‘दोन दिवसांना एक पॉइंट’ हा पूर्ण टीमचा दर आहे. तो एका माणसाला लावून ‘तुझे नऊ दिवस आहेत, म्हणजे साडेचार पॉइंट तुझे’ असं कोणालाही सांगू नका. ज्या क्षणी पॉइंट माणसाच्या नावावर चढतात, त्या क्षणापासून दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करायला कोणाला वेळ नसतो.

आता स्टोरींचं माप. दर सुधारला आणि मापच डळमळीत राहिलं तर काही उपयोग नाही. पॉइंट हे तुलनेचं माप आहे, तेव्हा ज्याच्याशी तुलना करायची त्या स्टोरी आधी ठरलेल्या हव्यात. आधीच्या स्प्रिंटमधल्या, सगळ्यांना आठवणाऱ्या तीन पूर्ण झालेल्या स्टोरी निवडा: एक २ ची, एक ३ ची आणि एक ५ ची. नवीन स्टोरी समोर आली की विचारायचं, ‘ही त्या तीनवालीपेक्षा मोठी की लहान?’ किती दिवस लागतील हा प्रश्न इथे नको. त्याचं उत्तर कोण करणार यावर बदलतं. आणि माप द्यायचं ते कोड, रिव्ह्यू आणि टेस्टिंग या सगळ्याचं मिळून. पुष्कळ टीममध्ये आकडा डेव्हलपर ठरवतात आणि टेस्टर मान डोलावतो. तुमच्याकडे टेस्टिंग शेवटी कोंबलं जातं, त्यामागे हेही कारण असावं असा माझा संशय आहे.

प्लॅनिंग पोकर खेळत असाल तर सगळ्यांनी कार्ड एकदमच उघडायला हवं. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली. एकदम उघडण्यात फायदा हा की ज्येष्ठ डेव्हलपरचा आकडा ऐकून बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे सरकत नाहीत. तुमच्याच कामातलं एक उदाहरण घेऊ: ‘इन्व्हॉइस ईमेलने पाठवता यावी.’ समजा, डेव्हलपरनी ३ दाखवले आणि टेस्टरने ८. इथे सरासरी काढून ५ लिहून पुढे जाऊ नका. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा ज्यांचा, त्या दोघांना बोलू द्या. डेव्हलपर म्हणेल, मेल पाठवायची सर्व्हिस तयारच आहे, फक्त पीडीएफ जोडायची. टेस्टर विचारेल, पत्ता चुकीचा असला तर? मेल परत आली तर ग्राहकाला काय दिसणार? पुन्हा पाठवायचं बटण दोनदा दाबलं तर दोन मेल जाणार का? याची उत्तरं कोणाकडेच नसतात, आणि प्रॉडक्ट ओनर तिथे बसलेले असतील तर दोन मिनिटांत मिळतात: मेल परत आली तर फक्त नोंद ठेवा, बाकी पुढच्या वेळी. मग दुसऱ्या फेरीत सगळे ५ वर येतात. हाही ५ च, पण या वेळी त्यात काय आहे आणि काय नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

१३ पडलेली स्टोरी स्प्रिंटमध्ये घेऊ नका, फोडा. ८ सुद्धा तुमच्या आकाराच्या टीमला जडच. एक ८ ची स्टोरी अडकली की एका फटक्यात एक तृतीयांशाहून जास्त स्प्रिंट जातो. फोडताना मात्र ‘डेटाबेस’, ‘एपीआय’, ‘स्क्रीन’, ‘टेस्टिंग’ असे थर करू नका. त्यातले तीन थर पूर्ण झाले तरी ग्राहकाला देण्यासारखं काहीच हातात नसतं आणि टेस्टरला आठव्या दिवसापर्यंत काही मिळत नाही. प्रत्येक तुकडा वरपासून खालपर्यंत अरुंद असावा आणि स्वतंत्रपणे चालवून बघता यावा. तुमचं इन्व्हॉइसचं काम एकच स्टोरी म्हणून आलं असेल तर ते असं मोडता येईल: खात्यात इन्व्हॉइसची यादी दिसणं, ५, एका इन्व्हॉइसची पीडीएफ डाउनलोड होणं, ५, दुसऱ्याची इन्व्हॉइस लिंक बदलूनही उघडता न येणं, ३, ईमेल, ५, तारखेनुसार गाळणं, ३. बेरीज २१. (तिसरी वेगळी काढली ती फक्त मोजण्याच्या सोयीसाठी. तिच्याशिवाय दुसरी रिलीज केलीत तर ग्राहकच तुम्हाला सांगायला येतील.) माहितीच नसलेलं काही असेल, उदाहरणार्थ पीडीएफ तयार करणारी लायब्ररी तुमच्या भाषेतली अक्षरं नीट छापते की नाही, तर त्याला पॉइंट देत बसण्यापेक्षा एका माणसाचा एक दिवस बांधून द्या. दिवस संपला की जे कळलं त्यावर माप ठरवा.

२१ कॅपॅसिटी आणि २१ च्या स्टोरी. जुळलं असं वाटतं, आणि नेमकं इथेच बहुतेक प्लॅनिंग संपतं. तुमचं संपू देऊ नका. टीमची एकूण कॅपॅसिटी ही सरमिसळ असते. चार डेव्हलपरकडे वेळ शिल्लक असला तरी त्याने तुमच्या एकट्या टेस्टरचा दिवस मोठा होत नाही. म्हणून तासांचा हिशोब करायचाच असेल तर तो टेस्टरचा करा. दहा दिवसांतून सुट्टी गेली, नऊ. सगळ्या मीटिंगचा मिळून एक दिवस, आठ उरले. रिलीजच्या आधी जुनं सगळं पुन्हा तपासायला दीड दिवस, साडेसहा. लाइव्हवरचे बग तपासायला एक, साडेपाच. नव्या स्टोरींसाठी त्याच्याकडे एवढेच आहेत.

आता पाचही स्टोरी त्याच्यासमोर ठेवा आणि प्रत्येकीला किती लागेल ते त्यालाच विचारा. समजा यादीला एक दिवस, पीडीएफला दीड, परवानगीच्या स्टोरीला दीड (पॉइंट कमी, तपासणी जास्त, असं पुष्कळदा होतं), ईमेलला दोन आणि तारखेच्या गाळणीला अर्धा. बेरीज साडेसहा. उपलब्ध साडेपाच. म्हणजे पॉइंटच्या हिशोबात बसलेला स्प्रिंट टेस्टिंगमध्ये एका दिवसाने फुटतो, आणि हे तुम्हाला पहिल्याच दिवशी, प्लॅनिंगच्या टेबलावर कळलं. एरवी ते नवव्या दिवशी कळतं.

तोडगे दोन. एक म्हणजे ईमेल काढून तिच्या जागी फारशी तपासणी न लागणारं काम घ्यायचं. इथे हमखास कोणीतरी लायब्ररी अपग्रेड सुचवतं. ते घेऊ नका. कोड दोन ओळींचा बदलतो आणि सगळं ॲप पुन्हा तपासावं लागतं. दुसरा तोडगा मला जास्त पसंत आहे: ईमेलच्या चुकीच्या पत्त्याच्या, परत आलेल्या मेलच्या आणि दोनदा दाबलेल्या बटणाच्या ऑटोमेटेड टेस्ट डेव्हलपरनी लिहायच्या. ज्याने ती स्टोरी केली त्याने नव्हे, दुसऱ्याने. टेस्टरचा दिवसभराचा भार हलका होतो आणि त्या टेस्ट पुढच्या रिलीजलाही कामाला येतात. डेव्हलपरचा त्यात वेळ जाणारच, पण तुमच्याकडे तोटा टेस्टरच्या वेळेचा आहे.

बेरीज बसली तरी क्रम बिघडला तर उपयोग नाही. चार डेव्हलपरनी पहिल्या दिवशी चार स्टोरी उघडल्या की चारही सातव्या-आठव्या दिवशी एकदम टेस्टरच्या दारात येऊन उभ्या राहतात. त्याआधी तो रिकामा, त्यानंतर बुडालेला, आणि साडेपाच दिवसांतले निम्मे वापरलेच जात नाहीत. त्यापेक्षा सुरुवातीला दोनच स्टोरी उघडा, प्रत्येकीवर दोन डेव्हलपर. इन्व्हॉइसची यादी तिसऱ्या दिवशी टेस्टरकडे जायला हवी, पीडीएफ पाचव्या दिवशी. पहिले दोन दिवस टेस्टरने टेस्ट केस लिहाव्यात आणि डेटा तयार करावा: इन्व्हॉइस नसलेला ग्राहक, हजार इन्व्हॉइस असलेला, रद्द केलेली इन्व्हॉइस असलेला. सहाव्या दिवसापर्यंत एकही स्टोरी ‘पूर्ण’च्या रकान्यात नसेल, तर आकडा कितीही छोटा घेतलेला असो, स्प्रिंट अडचणीत आहे असं समजा.

स्पिलओव्हरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दर वेळी १५-२० पॉइंटच्या स्टोरी पुढे जात असतील तर तुमच्या २३ मध्ये त्यांचाही हात आहे. अर्धवट स्टोरीचे अर्धे पॉइंट लिहू नका. पूर्ण होईल त्या स्प्रिंटमध्ये पूर्ण पॉइंट, तोवर शून्य. पाच-सहा स्प्रिंटच्या सरासरीत हे समान होऊन जातं. एकेकटा आकडा मात्र फसवतो, आणि २७ च्या मागेपुढे १८ दिसतात त्याचं एक कारण बहुधा हेच. प्लॅनिंग करताना मात्र उरलेलं काम जितकं आहे तितकंच धरा. ५ ची स्टोरी फक्त टेस्टिंगसाठी थांबली असेल तर डेव्हलपरच्या खात्यात ती जवळपास शून्य आहे आणि टेस्टरच्या साडेपाच दिवसांतून मात्र पूर्ण वजा होते. या स्प्रिंटला असं काही पुढे आलेलं असेल तर ते आधी मांडा. वरची २१ ची यादी त्यानंतर उरलेल्या जागेतच बसवायची आहे, आणि कदाचित तारखेची गाळणी बाहेर जाईल.

आता ‘कमिट तुम्हीच केलं होतं’. मॅनेजरांना एक गोष्ट शांतपणे सांगता येईल. स्क्रम गाइडच्या २०११ च्या आवृत्तीतच स्प्रिंटच्या कामाबद्दलचा ‘कमिटमेंट’ हा शब्द काढून तिथे ‘फोरकास्ट’, म्हणजे अंदाज, आणला गेला. २०२० च्या आवृत्तीत कमिटमेंट परत आली, पण ती स्प्रिंट बॅकलॉगसाठी स्प्रिंट गोल म्हणून. म्हणजे शब्द द्यायचा तो उद्दिष्टाचा. स्टोरींची यादी म्हणजे ते गाठण्याचा आजचा आराखडा. तुमचं उद्दिष्ट असं लिहा: ‘ग्राहकाला स्वतःच्या इन्व्हॉइस स्वतः बघता आणि डाउनलोड करता याव्यात.’ त्यासाठी पहिल्या तीन स्टोरी पुरतात, १३ पॉइंट, टेस्टिंगचे चार दिवस. तुमच्या पट्ट्याचं खालचं टोक १६ आहे, म्हणजे मागच्या सगळ्यात वाईट स्प्रिंटसारखा गेला तरी १३ होतात. म्हणून मी सुरुवातीला १३ चा शब्द द्या म्हटलं. ईमेल आणि गाळणी अंदाजात.

मॅनेजरांना हे बोलताना पॉइंट सांगूच नका, कामाच्या भाषेत सांगा. साधारण असं: ‘स्प्रिंटच्या शेवटी इन्व्हॉइस डाउनलोड नक्की दाखवतो. ईमेल होण्याची शक्यता चांगली आहे, आठव्या दिवशी नक्की सांगते. मागचे सहा स्प्रिंट पाहता याहून जास्तीचा शब्द दिला तर तो मोडणार.’ खाली तुमचे सहा आकडे जोडा. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हा असेल, की ४० वरून २१ वर आलात, म्हणजे काम अर्धं केलंत का? तेव्हा घेतलेल्या आणि पूर्ण झालेल्या आकड्यांचे रकाने शेजारी ठेवून दाखवा. काम आधीही तेवीसच्याच आसपास होत होतं.

तरीही दबाव आला, ‘निदान ३० तरी करा’ असं झालं, तर टीम काय करते ते सांगून ठेवते. ती ३० करून दाखवते. कालच्या ३ च्या स्टोरीला आज ५ मिळतात, कोणी उघड खोटं बोलत नाही, आकडे आपोआप फुगतात. हे ओळखायचं असेल तर वर निवडलेल्या तीन जुन्या स्टोरी दर काही महिन्यांनी आकडे झाकून टीमकडून पुन्हा मापून घ्या. जुन्या ३ च्या स्टोरीला आता सगळे ५ म्हणत असतील तर व्हेलॉसिटी वाढलेली नाही, पट्टीवरच्या खुणा सरकल्या आहेत.

राहिलं स्प्रिंटच्या मध्येच टपकणारं तातडीचं काम. लहानसहान बगांसाठी वेगळी जागा राखू नका, ते तुमच्या सरासरीत आहेत. मोठं काही आलं, दोन दिवसांहून जास्त खाणारं, तर प्रॉडक्ट ओनरना त्याच दिवशी विचारा: याच्या बदल्यात ईमेल काढू की गाळणी? उद्दिष्टाच्या तीन स्टोरींना हात लावायची पाळी आली तर मॅनेजरांना स्प्रिंट रिव्ह्यूपर्यंत थांबवू नका, त्याच संध्याकाळी कळवा. आणि बाहेर काढलेली स्टोरी बोर्डवरूनही काढा. ती तिथे लटकत राहिली तर शेवटच्या दोन दिवसांत कोणीतरी ‘होईल पटकन’ म्हणून उघडतो, आणि टेस्टरच्या दारात पुन्हा रांग लागते.